रांगेतला व्यायाम

सोमवार हा छातीच्या व्यायामाचा दिवस, असा एक अलिखित कायदा साऱ्या व्यायामशाळांत रूढ झालेला दिसतो. त्या सायंकाळी साडेसहाच्या सुमारास आमच्या व्यायामशाळेतील एकही बाक मोकळा सापडत नाही. जुन्या तालमीत ही अडचण फारशी नव्हती. जोर आणि बैठका यांना हातभर जमिनीवाचून काही लागत नाही. आता मात्र साधनांची रीघ लागली आणि त्यांच्यापाठोपाठ माणसांचीही.

पंचावन्नाव्या वर्षी मी तेथे जातो तो मुख्यतः पायांसाठी व कंबरेसाठी. पूर्वी एकदा कंबरेने मला तीन आठवडे अंथरुणावर ठेवले होते, तेव्हा तिची मर्जी सांभाळणे हा माझ्या कार्यक्रमातला पहिला नियम आहे. कार्यक्रम असा: प्रथम खांद्यांवर ६० किलोंची दांडी घेऊन बैठका, पाच-पाचचे तीन सेट; मग बाकावर उताणे पडून ५० किलोंची दांडी छातीवरून आठ-आठ वेळा उचलणे; नंतर कंबरेत वाकून दांडी पोटाकडे ओढणे; आणि शेवटी दोन्ही हातांत जड डंबेल घेऊन चालणे.

गेल्या सोमवारी बैठकांच्या रॅकपाशी दोन तरुण होते आणि बाक सारे भरलेले. अशा वेळी जे साधन मोकळे दिसेल त्याकडे धावावे, असा मोह होतो. मोकळी होती ती जमिनीवरची दांडी आणि डंबेलांची घोडी. पण वाकून दांडी ओढताना कंबरेचे स्नायू सारा वेळ ताणलेले राहतात आणि बैठकांत पाठ सरळ धरण्याचे काम त्यांचेच असते. ते आधी थकवून मग खांद्यांवर ६० किलो घेतले, तर तिसऱ्या सेटमध्ये पाय शाबूत असूनही पाठ पुढे वाकू लागते. डंबेल घेऊन चालण्याने तर मुठी आणि कंबर दोन्ही दमतात. म्हणून क्रम बदलताना मी एवढेच पाहतो, की पुढच्या जड व्यायामाला जो अवयव आधार देणार आहे तो आधीच थकत तर नाही ना.

मी रॅकपाशी जाऊन विचारले, “किती सेट राहिले?” त्यांतला एक माझा जुना विद्यार्थी निघाला. “तीन, सर. पण तुम्ही मध्ये घ्या ना!” म्हणाला. एकाच्या विश्रांतीत दुसऱ्याने सेट करावा, ही रीत उत्तमच. परंतु त्यांच्या दांडीवर १०० किलो होते. प्रत्येक वेळी चकत्या काढायच्या आणि पुन्हा चढवायच्या, यात तिघांचीही विश्रांती गेली असती. तीन सेट म्हणजे दहाएक मिनिटे. तेवढ्यात मी बसून केबल ओढण्याच्या यंत्रावर, छाती ताठ ठेवून व कंबर न हलवता, मध्यम वजनाचे तीन सेट केले. वाकून ओढण्याचे काम त्यात बहुतेक भागले, आणि पायांना मुळीच तोशीस पडली नाही. रॅक मिळाला तेव्हा अंग ऊब धरून होते, पण पाय नव्हते. म्हणून आधी रिकाम्या दांडीने आणि मग ४० किलोंनी बैठका काढल्या. एवढी पाच मिनिटे वाचवण्याचा लोभ धरू नये.

बाक अजूनही भरलेले होते. (एकावर तर फक्त एक टॉवेल आणि एक मोबाइल विश्रांती घेत होते.) मी दोन डंबेल घेऊन सतरंजीवर उताणा झालो. येथे एक हिशेब ध्यानात ठेवावा लागतो. दांडीवर ५० किलो उचलणाऱ्याला डंबेल दोन्ही मिळून सुमारे ४० किलोंचेच पेलतात, कारण प्रत्येक हाताला आपले वजन स्वतंत्रपणे सावरावे लागते. नवखेपणामुळे मी साडेसतराची जोडी घेतली. जमिनीवर कोपरे लवकर टेकतात, त्यामुळे हालचाल तोकडी होते आणि छातीपेक्षा दंडाच्या मागच्या बाजूला अधिक काम पडते; म्हणजे हा बदली खेळाडू आहे, जुळा भाऊ नव्हे. त्यानंतर एक बाक सुटला आणि मी त्यावर ५० किलोंचा एक सेट केला. सहाच झाले. दंड आधीच दमलेले असताना याहून वेगळे काय व्हायचे?

याच ठिकाणी पुष्कळजण स्वतःला दुबळे ठरवून घेतात. वहीत नुसते ‘५० किलो, ६’ लिहिले, तर पुढल्या महिन्यात ते अधोगतीसारखे दिसेल. म्हणून मी शेजारी ‘डंबेलनंतर’ असे लिहितो आणि त्या आकड्याची तुलना तशाच दिवसाशी करतो. स्नायूंची वाढ क्रम बदलला तरी सुमारे सारखीच होते. पण ज्या व्यायामात बळ वाढवायचे तो ताज्या अंगाने, आरंभी केलेला बरा. माझ्याबाबतीत तो मान बैठकांचा. त्यांच्यासाठी मी वीस मिनिटे थांबेन. छातीसाठी पाचही नाही.

हातांत डंबेल घेऊन चालणे मात्र त्या दिवशी राहिलेच. मार्गिकेत माणसे उभी होती आणि कोणाच्या पायावर २४ किलो पडू देण्याची माझी तयारी नव्हती. ते मी बुधवारी सकाळी केले. तेव्हा तेथे झाडणारी बाई आणि मी, असे दोघेच होतो.