दहा टक्क्यांचा शब्द

प्रमाणाची झेड चाचणी शिकवताना प्रमाण त्रुटीत दावा केलेला आकडा घालायचा, हे मला बरीच वर्षं पटत नव्हतं. माल समोर मोजलेला असताना व्यापाऱ्याच्या तोंडचा आकडा सूत्रात कशाला? नमुन्यातलं प्रमाणच घ्यावं, असं माझं मत होतं. आता ते राहिलेलं नाही.

सोलापुरातलं उदाहरण मनाशी धरू. नवी पेठेतल्या एका दुकानदाराला टॉवेलचा मोठा लॉट मिळाला. देणारा म्हणतो, डागी माल फार तर दहा टक्के. दुकानदाराने लॉटभरातून कुठूनही उचलून २०० टॉवेल तपासले, २८ डागी निघाले. म्हणजे ०.१४.

शून्य परिकल्पना अशी की खरं प्रमाण ०.१० आहे, पर्यायी परिकल्पना, ते त्याहून जास्त आहे. सार्थकता पातळी पाच टक्के, चाचणी एकाच बाजूची, म्हणून सीमा १.६४५. प्रमाण त्रुटी √(०.१० × ०.९० ÷ २००), म्हणजे ०.०२१२. फरक ०.०४. भागाकार केला की झेड १.८९ येतो. सीमा ओलांडली, दावा नाकारायचा. दावा खरा असता, तर इतका किंवा याहून जास्त डागी माल निघण्याची शक्यता सुमारे तीन टक्केच होती.

आता माझी जुनी पद्धत. √(०.१४ × ०.८६ ÷ २००) म्हणजे ०.०२४५, आणि झेड १.६३. दावा वाचला! इथे मी अडखळलो. डागी टॉवेल जास्त निघाले म्हणून त्रुटीही फुगली, आणि त्या फुगवट्याचा फायदा माल देणाऱ्याला मिळाला.

माझं मत पुरतं फिरलं ते दुसऱ्या टोकाला. समजा, २०० पैकी एकही डागी निघाला नाही. माझ्या पद्धतीने त्रुटी शून्य, आणि शून्याने भागायचं कसं? दाव्याच्या आकड्याने मात्र झेड उणे ४.७१ येतो. चाचणी विचारते ते एवढंच: दहा टक्के खरे असते, तर असा नमुना कितपत निघाला असता? मग नमुन्यांचा चढउतारही त्या दहा टक्क्यांवरूनच ठरायला हवा. मी मध्यबिंदू दाव्याचा आणि पसारा नमुन्याचा घेत होतो. खरं प्रमाण किती असेल याचा विश्वास अंतराल काढताना नमुन्याचं ०.१४ घेतात ते ठीकच, कारण तिथे तपासायला कुणाचा दावाच नसतो.

झेडसाठी प्रसामान्य वक्राचा आधार घ्यायचा तर दाव्यानुसार अपेक्षित डागी आणि चांगले, दोन्ही निदान दहा तरी हवेत. इथे ते २० आणि १८० आहेत. अर्ध्या टॉवेलची सातत्य दुरुस्ती केली तरी झेड १.७७ राहतो, निकाल बदलत नाही. पण टॉवेल गठ्ठ्याच्या वरच्या थरातूनच उचलले असतील, तर कुठल्याच झेडवर विसंबू नका; आधी नमुना नव्याने काढा.