प्रमाणपत्राचा फोटो आणि दोन ओळींचं उत्तर

महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात नोकरी केल्यामुळे प्रमाणपत्रं माझ्या हाताखालून भरपूर गेली. आता ती मोबाइलवर येतात. सोसायटीच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकतं, खाली दोन-तीन शब्द असतात, आणि पाठोपाठ अभिनंदनाची रांग लागते. त्या रांगेतले कितीतरी संदेश प्रेमाने लिहिलेले असूनही चुकीचे असतात, कारण फोटोत नसलेल्या गोष्टी लिहिणाऱ्याने मनाने भरलेल्या असतात. त्याबद्दलची ही टिपणं.

०

आधी कागद ओळखावा. गुणपत्रक वेगळं, तात्पुरतं उत्तीर्णता प्रमाणपत्र वेगळं आणि पदवी प्रमाणपत्र वेगळं. निकाल लागला की गुणपत्रक येतं. नोकरीसाठी किंवा पुढच्या प्रवेशासाठी घाई असेल तर तात्पुरतं प्रमाणपत्र काढतात. पदवी प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभानंतर मिळतं. विद्यार्थी पात्र ठरल्यापासून 180 दिवसांच्या आत पदवी द्यावी, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम आहे. म्हणजे नियमाप्रमाणे सगळं झालं तरी निकाल आणि पदवी यांत काही महिने सहज जातात. समारंभाला न गेलेले लोक तर प्रमाणपत्र सवडीने, कधी कधी वर्षांनी नेतात. म्हणून आज आलेल्या फोटोखाली ‘निकाल लागला वाटतं!’ असं लिहिणं बहुतेक वेळा चूक ठरतं.

०

नव्या शैक्षणिक धोरणानंतर आणखी एक शक्यता वाढली. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स पदवी, अशी रचना आहे. विद्यापीठाचं बोधचिन्ह आणि कुलगुरूंची सही दिसली म्हणून तीन वर्षं पूर्ण झाली असं धरून चालत नाही. ज्याला घरच्या अडचणीने वर्षभरात थांबावं लागलं, त्याला ‘पदवीधर झालास!’ हे वाक्य फार लागतं. त्याने ते प्रमाणपत्र अभिमानाने दाखवलेलं असतं, आणि आता त्यालाच खुलासा करायची वेळ येते.

०

एक प्रसंग सविस्तर लिहून ठेवते.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका बाईंनी प्रमाणपत्राचा फोटो टाकला. वयाने पन्नाशीच्या आसपास. खाली मजकूर एवढाच : ‘आज हातात आलं.’ यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं नाव स्पष्ट वाचता येत होतं. प्रमाणपत्रावरचं आडनाव मात्र त्यांचं नव्हतं, म्हणजे आम्ही ओळखतो ते नव्हतं. कागदाच्या खालच्या डाव्या बाजूला अंगठा आला होता, त्यामुळे श्रेणी झाकली गेली होती.

पहिलं उत्तर आलं, ‘लेकीचं अभिनंदन!’ दुसऱ्याने आडनाव वाचलं असावं. त्याने ‘भाचीला आमच्याकडून शुभेच्छा’ असं लिहिलं. तिसऱ्याने विचारलं, ‘किती टक्के? आता एम.ए. का बी.एड.?’ मग एकाने लिहिलं, ‘आई-वडिलांचे पांग फेडले पोरीने.’ बाईंनी कुणालाच उत्तर दिलं नाही.

प्रमाणपत्र त्यांचं स्वतःचं होतं. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे नाव असतं तेच पुढे सगळ्या शैक्षणिक कागदांवर चालत राहतं. लग्नानंतर ते बदलून घ्यायचं तर पुरावे जोडून अर्ज करावा लागतो, आणि कित्येक जणी ते करत नाहीत. त्यांच्या पदवीवर माहेरचं नाव होतं. फोटोतलं नाव आणि पाठवणाऱ्याचं नाव जुळलं नाही तर तिसरीच व्यक्ती कल्पायची काही गरज नसते. आपल्याकडे बाईच्या आयुष्यात दोन नावं असणं सर्रास आहे, आणि तरी ही साधी गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही याचं मला वाईट वाटलं.

मुक्त विद्यापीठाचं नावसुद्धा बरंच सांगत होतं. 1989 मध्ये नाशिकला सुरू झालेलं हे विद्यापीठ नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच उभं राहिलं आहे. तिथल्या पदवीच्या फोटोत वीस-बावीस वर्षांची मुलगी शोधणं हा तर्कच मुळात तोकडा होता.

तळमजल्यावरच्या एका आजोबांनी मात्र लिहिलं : ‘प्रमाणपत्र पाहिलं. हातात आल्याचा आनंद तुमच्या त्या तीन शब्दांतही दिसतोय. मनापासून अभिनंदन! सवड झाली की सांगा, ऐकायला आवडेल.’ बाईंनी त्याच उत्तराखाली सगळं लिहिलं : बारावीनंतर लग्न झालं, शिक्षण तिथेच राहिलं, मुलं मोठी झाल्यावर नाव घातलं, रविवारी अभ्यासकेंद्रात बसायच्या. सगळ्या ग्रुपने ते वाचलं आणि मग खरी दाद आली.

०

आजोबांचं उत्तर मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात प्रमाणपत्र कुणाचं, कोणत्या विषयाचं, किती गुणांचं, यातलं काहीही नाही. तरी ते कोरडं वाटत नाही, कारण जे दिसत होतं ते त्यांनी नीट पाहिलं होतं : कागद, तो हातात आल्याचा उल्लेख, आणि लिहिणाऱ्या बाईंचा आनंद. लेकीचं प्रमाणपत्र असतं तरी हे उत्तर चाललं असतं. भाचीचं असतं तरी चाललं असतं. पाठवणाऱ्या माणसाला अभिमान वाटतोय ही एकच गोष्ट फोटोवरून खात्रीने सांगता येते, आणि त्यांनी अभिनंदन त्या अभिमानाचं केलं.

शेवटचं वाक्यही महत्त्वाचं आहे. ‘कुणाचं आहे?’ असं विचारलं असतं तर ते चौकशीसारखं झालं असतं. ‘सवड झाली की सांगा’ म्हटल्यावर सांगायचं की नाही, किती सांगायचं, ग्रुपवर की भेटल्यावर, हे सगळं त्यांच्याकडेच राहिलं.

०

अंगठ्याबद्दल. फोटोत श्रेणी किंवा टक्केवारी झाकलेली असेल तर ती बहुतेक वेळा मुद्दाम झाकलेली असते. एटीकेटी लागून, विषय सोडवत सोडवत पास झालेल्या मुलांना मी खिडकीवर प्रमाणपत्रं दिली आहेत. कागद हातात घेताना त्यांचा चेहरा पहिल्या क्रमांकाच्या मुलांइतकाच फुललेला असतो, कधी कधी जास्तच. त्यांना टक्के विचारू नयेत.

आकडा दिसत असला तरी सांभाळून. हल्लीच्या गुणपत्रकांवर दहापैकी श्रेणीगुण असतात, आणि 8.2 म्हणजे 82 टक्के असं सरसकट नसतं. रूपांतराचं सूत्र विद्यापीठागणिक बदलतं. अक्षरश्रेणीतला ‘ओ’ ही तर सर्वांत वरची श्रेणी, तिचे दहा गुण. तो गोल बघून ‘या विषयात शून्य कसा?’ असं काळजीने विचारणारे पालक मी पाहिले आहेत. ‘82 टक्के, वा!’ लिहिण्याऐवजी ‘गुणपत्रक पाहून छान वाटलं’ एवढं लिहिलं तर खोटं काही होत नाही.

०

करंडकाच्या फोटोत गफलत आणखी सोपी असते. करंडक उंच म्हणून पहिला क्रमांक, असं नसतं. उपविजेत्याला, उत्कृष्ट चढाईपटूला, कधी स्पर्धेच्या आयोजकालाही करंडक मिळतो. फिरता करंडक वर्षभरासाठीच येतो आणि पुढच्या वर्षी परत जातो. त्याच्या तळाच्या पट्टीवर आधीच्या विजेत्यांची नावं असतात, आणि फोटो मोठा करून वाचणाऱ्याला भलतंच वर्ष नि भलतंच नाव दिसतं.

शिवाय करंडक धरणारा एकटा असला तरी बक्षीस संघाचं असू शकतं. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकाचंच घ्या. 1963 पासून चाललेली महाविद्यालयांची ही एकांकिका स्पर्धा, आणि करंडक मिळतो तो संघाला. पण अभिनयाची, लेखनाची, दिग्दर्शनाची बक्षिसं निराळी असतात. 2022 मध्ये तर परीक्षकांनी करंडक कुठल्याच संघाला दिला नाही. अशा स्पर्धेनंतर एखाद्या मुलीचा हातात चषक घेतलेला फोटो आला आणि आपण ‘पुरुषोत्तम जिंकलीस!’ लिहिलं, तर तिला सगळ्यांसमोर ‘नाही हो, लेखनाचं आहे’ असं सांगावं लागेल. लेखनाचं बक्षीस अजिबात कमी नाही. पण आपल्या वाक्याने ते कमी करून टाकलेलं असतं.

इथे लिहावं : ‘चषक हातात घेतलेला फोटो फार आवडला. तुझं आणि बरोबरच्या सगळ्यांचं अभिनंदन! कशाबद्दल मिळाला ते भेटलीस की ऐकायचंय.’ बरोबर कुणी नसेल तर ती हसून सोडून देईल. संघ असेल तर संघाला वाटा मिळतो.

०

आपली ठरावीक अभिनंदनं तपासून पाहिली. ‘आई-वडिलांचे पांग फेडलेस’ : आई-वडील आहेत, त्यांनी शिकवलं, असं धरलं. ‘कष्टाचं चीज झालं’ : हाल झाले असं धरलं. ‘घराण्यातली पहिली पदवीधर!’ : हे तर माहिती असल्याशिवाय लिहूच नये; आजीची बी.ए. ट्रंकेत पडून असलेली घरं आहेत. ‘आता पुढे काय?’ : हे पुरेसं नाही असं ऐकू येतं. ‘पेढे कधी?’ मला चालतं, त्यात गृहीत काही नाही. पण नुकतंच दुःख झालेल्या घराला तेही नको.

आपल्याला खरोखर माहीत असेल तेव्हा मात्र हात राखून लिहू नये. मुलगी रोज पहाटेच्या गाडीने कॉलेजला जाताना आपण पाहिली असेल तर पहाटेची गाडी लिहावी. माहीत असलेला तपशील आला की उत्तर त्या माणसाचं होतं, आणि तिथे गुळमुळीत ‘खूप खूप शुभेच्छा’ हा कंजूषपणा आहे.

०

शेवटचं, आणि हे परीक्षा विभागाच्या सवयीने लिहिते. प्रमाणपत्रावर आणि गुणपत्रकावर पूर्ण नाव, आईचं नाव, बैठक क्रमांक, कायम नोंदणी क्रमांक, कधी छायाचित्र आणि क्यूआर कोडही असतो. हा फोटो तुम्हाला किंवा तुमच्या ग्रुपला पाठवलेला असतो. कौतुकाने दुसऱ्या ग्रुपवर टाकण्याआधी पाठवणाऱ्याला एकदा विचारा, आणि होकार आला तरी क्रमांक झाकून मगच पुढे पाठवा.