एका फ्रेमचीही सूट नाही

बालगृहातून घरी परतलेल्या एका मुलीवरच्या माहितीपटाचं संपादन माझ्याकडे होतं. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलांचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील प्रसिद्ध करता येत नाही. त्यामुळे ती आईच्या स्कूटरवर मागे बसून येते, तो शॉट माझा सर्वांत जास्त वेळ घेणार हे उघड होतं.

दाविंची रिझॉल्व्हच्या कलर पेजवर मी मुलीसाठी, आईसाठी आणि नंबरप्लेटसाठी वेगवेगळे नोड केले. मुलीचा चेहरा सर्वांत मोठा आणि स्पष्ट दिसतो त्या फ्रेमवर थांबून गोल विंडो काढली, केस आणि हनुवटीही आत येतील एवढी. तिथून ट्रॅकर आधी पुढे आणि मग मागे चालवला. सुरुवात लांबच्या, धूसर चेहऱ्यापासून केली तर ट्रॅकरला धरायला काहीच मिळत नाही.

मध्येच एक रिक्षा आडवी गेली. ट्रॅकर माणूस ओळखत नाही, तो विंडोतल्या ठिपक्यांची हालचाल पकडतो. त्यामुळे मास्क रिक्षाच्या हुडाला चिकटून निघून गेला आणि रिक्षामागून मुलीचा चेहरा उघडा बाहेर आला. वेगात पाहताना हे जाणवतही नाही, पण प्रेक्षक व्हिडिओ थांबवू शकतो. मी तेवढा भाग पुसला, ट्रॅकर फ्रेम मोडवर घेतला आणि रिक्षा येण्याआधीपासून ती गेल्यानंतरपर्यंत विंडो हाताने बसवली. तिथे ती मुद्दाम मोठी ठेवली.

नंबरप्लेटला मोझॅक पुरेल, असं दिग्दर्शकाचं म्हणणं होतं. मला ते पटलं नाही. प्लेटवर मोजकीच अक्षरं नि आकडे असतात आणि त्यांची मांडणी ठरलेली असते. बारीक चौकटींच्या मोझॅकमधून आकड्यांचा आकार डोकावतो. शिवाय स्कूटर हलते तशा प्रत्येक फ्रेममध्ये चौकटी प्लेटच्या वेगळ्या भागावर पडतात. अशा अनेक फ्रेम जुळवल्या तर नंबर उलगडू शकतो. म्हणून प्लेटवर मी सरळ एकरंगी, अपारदर्शक पट्टी बसवली. दिसायला ती ओबडधोबड आहे, पण तिच्याखाली शोधण्यासारखं काही उरत नाही.

रेंडर झालेली फाइल मी बाणाच्या कळीने एकेक फ्रेम पुढे नेत तपासली. मग ती मुलीला ओळखणाऱ्या समाजसेविकाताईंना, काही न सांगता, दाखवली. त्या लगेच म्हणाल्या, "ही आपलीच मुलगी ना? दप्तरावर शाळेचं नाव आहे की!"

दप्तरासाठी चौथा नोड जोडून पुन्हा रेंडर केलं. थंबनेलही मूळ फुटेजमधून न घेता या नव्या रेंडरमधूनच काढलं, आणि त्यानंतरच फाइल प्रसारणासाठी सोपवली.