नुसत्या हिशेबानं नाडी का धावते?

आमच्या घरात मनगटी घड्याळ दोघांकडे आहे आणि रक्तदाबाचं यंत्र सगळ्यांसाठी एक. मार्चअखेर जवळ आली की भाईजान आडत दुकानाच्या चोपड्या घेऊन रात्री बारापर्यंत बसतात. घड्याळ त्यांना सांगतं, आज इतक्या कॅलरी जळल्या. ते खुश. अम्मी म्हणतात, "खुर्चीतून उठलाच नाहीस, मग जळलं काय?"

अम्मींचा प्रश्न बरोबर आहे. चालताना पायाचे स्नायू प्राणवायू मागतात म्हणून हृदय वेग वाढवतं. हिशेब करताना स्नायू जवळजवळ शांत असतात, तरी ठोके वाढतात, कारण हुकूम मेंदूकडून येतो. हृदयाला सतत लगाम लावून ठेवणारी व्हेगस नावाची नस असते. डोकं जोरात कामाला लागलं की हा लगाम सैल होतो, आणि ते दोन-चार ठोक्यांतच घडतं. घाई किंवा भीती सोबत असेल तर अ‍ॅड्रेनलिनही येतं. त्याचा असर काही मिनिटं रेंगाळतो. घड्याळाला यातलं काही कळत नाही. ते त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून ठोके मोजतं आणि वाढलेले ठोके मेहनतीच्या खाती जमा करतं. म्हणून बसून केलेल्या कामाच्या कॅलरी आम्ही मानत नाही.

एका रविवारी जोहरनंतर आम्ही हे घरीच करून पाहिलं. भाईजान पाच मिनिटं गप्प बसले. नाडी ७०, रक्तदाब १२४/७८. मग हजारातून सात-सात वजा करत जायचं, पण मनातल्या मनात: ९९३, ९८६, ९७९. नाडी ७९. थोडं थांबून तेच मोठ्यानं, आणि शेजारी भाचा "जल्दी, जल्दी" म्हणत उभा. नाडी ९२, रक्तदाब १४१/८६. मनात आणि मोठ्यानं असं वेगळं करण्याचं कारण असं की नुसत्या बोलण्यानंही दाब चढतो. दोन्ही एकदम केलं असतं तर विचाराचा वाटा किती आणि जिभेचा किती, ते कळलं नसतं. हजाराचा नाद सोडून पाच मिनिटं शांत बसल्यावर नाडी ७२ वर आली.

भाच्याचं मोबाइलवरचं खेळणं निराळं. गोळीबार सुरू झाला की आकडा ११० दाखवायचा. पण त्याचं मनगट सारखं हलतं, आणि हलत्या मनगटावर घड्याळ फसतं. म्हणून खेळ मध्येच थांबवून आम्ही अंगठ्याखालच्या नाडीवर दोन बोटं ठेवली आणि ३० सेकंद मोजलं. ४९ ठोके, म्हणजे मिनिटाला ९८. खेळाचा जोश खरा होता, घड्याळानं त्यात आपली भर घातली होती.

गाडीचंही असंच. थोरले चाचा टेम्पो घेऊन धाराशिवहून सोलापूरला जातात. नवरात्रात तुळजापूरची पायी गर्दी, उसाच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यात घाट. उतरल्यावर त्यांनी घड्याळातली नोंद दाखवली. मोकळ्या रस्त्यावर ७८ ते ८२, ट्रॉलीला ओलांडताना ९७, आणि सोलापूरच्या शहरी कोंडीत गाडी उभी असतानाही ९० च्या वर. हॅन्डलच्या थरथरीनंही आकडा बिघडतो, म्हणून एकच उंच आकडा धरायचा नाही, चढउतार पाहायचा. आणि चालवताना घड्याळाकडे बघायचंच नाही, हे चाचींनी बजावलेलं आहे.

अब्बांचा आकडा मात्र हिशेबातही फारसा हलला नाही. ते मेटोप्रोलोल घेतात, आणि ही गोळी हृदयापर्यंत येणारा हुकूमच मंद करते. त्यांची नाडी शांत दिसली म्हणून मन शांत आहे असं समजता येत नाही. दाब वेगळा मोजावा लागतो.

याचा उपयोग आम्ही रक्तदाब मोजताना करतो. फजरनंतर, चहाच्या आधी, लघवीला जाऊन आल्यावर. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, एकावर एक नाही, दंड हृदयाच्या उंचीला. पाच मिनिटं मोबाइल दूर. मोजताना कुणी बोलायचं नाही, विजेच्या बिलाचा विषय तर नाहीच. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत. संध्याकाळी पुन्हा तसंच, असं सात दिवस. डॉक्टरांपुढे ही वही ठेवायची. दुकानातून आल्या-आल्या घेतलेला आकडा दुकानाबद्दल जास्त सांगतो.

काम संपून पंधरा-वीस मिनिटं शांत बसूनही नाडी शंभराच्या वर राहत असेल, किंवा बोटाखाली ठोके वेळ चुकवत, विस्कळीत लागत असतील, तर ते विचारानं झालं म्हणून सोडून द्यायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. छातीत दुखणं, दम लागणं किंवा चक्कर सोबत असेल तर त्याच वेळी दवाखाना गाठायचा, मोजत बसायचं नाही.