तीन लहान शब्द आणि शब्दकोशाची साक्ष

लालबागमधील एका मसाल्याच्या व्यापाऱ्याने परदेशातून काचेच्या बरण्या मागविल्या, असे समजू. माल आला, पेट्या उघडल्या, तेव्हा काही बरण्या फुटलेल्या निघाल्या. घरातील शिकलेल्या मुलाने पुरवठादाराला इंग्रजीत चार वाक्यांचे पत्र लिहिले : ‘वी रिसीव्हड कन्साइनमेंट ऑन मंडे. फ्यू जार्स आर ब्रोकन. प्लीज इश्यू क्रेडिट नोट. वुई ऑल्सो नीड ॲन इन्फर्मेशन अबाउट इन्शुरन्स.’ मराठी माणसाला यात काही खटकणार नाही. परंतु पत्रातील दुसरे वाक्य वाचणाऱ्या पुरवठादाराला त्याचा अर्थ ‘फारशा बरण्या फुटलेल्या नाहीत’ असा लागेल. म्हणजे ज्या नुकसानीची भरपाई मागायची, ती जवळजवळ झालीच नाही असे पत्रलेखकानेच लिहून दिले. फरक पडला तो ‘अ’ या एका अक्षराचा. ‘अ फ्यू जार्स’ म्हटले असते, तर ‘काही बरण्या फुटल्या आहेत’ असा सरळ अर्थ झाला असता.

इंग्रजीत ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ हे तीन शब्द नामाच्या आधी येतात. मराठीत त्यांच्या जोडीचा शब्दवर्ग नाही. तरीही जो भेद हे शब्द दाखवितात, तो मराठीला अपरिचित आहे असे नाही. ‘शेठजी मुनीम शोधत आहेत’ या वाक्यात कोणताही चांगला मुनीम चालेल. पेढीवर जागा रिकामी आहे. ‘शेठजी मुनिमाला शोधत आहेत’ म्हटले की तो ठराविक, ओळखीचा मुनीम झाला. इंग्रजीत पहिल्या ठिकाणी ‘अ’ येईल, दुसऱ्या ठिकाणी ‘द’. तसेच ‘दुकानात पेटी आली’ आणि ‘पेटी दुकानात आली’ यांतला फरकही कानाला कळतो : पहिली पेटी नवी, दुसरीची वाट पाहिली जात होती. मराठी हे काम विभक्तीप्रत्ययाने आणि शब्दक्रमाने करते, इंग्रजी ते स्वतंत्र शब्दाने करते. म्हणून वाक्य लिहिताना शिकणाऱ्याने प्रथम स्वतःला विचारावे की वाचणाऱ्याला ही वस्तू नेमकी कोणती ते ठाऊक आहे काय? ठाऊक असेल तर ‘द’.

मात्र या प्रश्नाने अर्धेच काम होते. वस्तू ठाऊक नसेल तर ‘अ’ लावायचा की काहीच लावायचे नाही, हे त्या नामाच्या जातीवर अवलंबून असते. इंग्रजी नामे दोन जातींची : मोजता येणारी आणि न मोजता येणारी. मोजता येणारे नाम एकवचनात सहसा एकटे उभे राहत नाही. त्याच्या आधी ‘अ’, ‘द’, ‘माय’, ‘धिस’ असे काहीतरी लागते. न मोजता येणाऱ्या नामाला मात्र ‘अ’ चालत नाही. कोणते नाम कोणत्या जातीचे, हे मराठी अर्थावरून ओळखता येत नाही. ते शब्दकोशातच पाहावे लागते.

येथे कोणता कोश उघडावा हे महत्त्वाचे आहे. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश 1847 साली मुंबईत प्रसिद्ध झाला. त्या परंपरेतील द्विभाषी कोश शब्दाचा अर्थ उत्तम सांगतात; परंतु ‘इन्फर्मेशन म्हणजे माहिती’ एवढ्यावरून त्याच्या आधी ‘ॲन’ चालतो की नाही हे कळत नाही. त्यासाठी शिकणाऱ्यांकरिता रचलेला इंग्रजी-इंग्रजी कोश हवा. अशा कोशाचा पाया घालणारे ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवीत असत. जपानी भाषेतही ‘अ’ आणि ‘द’ यांच्यासारखे शब्द नाहीत, त्यामुळे मराठी विद्यार्थ्याची अडचण हीच त्यांच्या विद्यार्थ्यांचीही अडचण होती. त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा कोश 1942 साली तोक्योत निघाला व 1948 साली ऑक्सफर्डने तो शिकणाऱ्यांचा कोश म्हणून प्रसिद्ध केला. या घराण्यातील कोशांत नामापुढे इंग्रजी ‘सी’ किंवा ‘यू’ हे अक्षर छापलेले असते. ‘सी’ म्हणजे मोजता येणारे, ‘यू’ म्हणजे न मोजता येणारे.

आता त्या पत्राकडे पुन्हा वळू. ‘कन्साइनमेंट’ पुढे ‘सी’ आहे, म्हणून तो शब्द एकटा चालणार नाही; आणि कोणता माल हे दोघांनाही ठाऊक असल्याने ‘द कन्साइनमेंट’. ‘क्रेडिट नोट’मधील ‘नोट’ही त्या अर्थी ‘सी’. पण ती अजून अस्तित्वात नाही, पुरवठादाराने ती काढायची आहे, म्हणून ‘अ क्रेडिट नोट’. ‘इन्फर्मेशन’ पुढे ‘यू’ आहे, म्हणून ‘ॲन’ काढून टाकावा. ‘इन्शुरन्स’ हाही विम्याच्या अर्थी ‘यू’; तो तसाच राहील. ‘फ्यू’ पाहताना नोंद शेवटपर्यंत वाचावी, कारण ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांचे अर्थ वेगवेगळे दिलेले असतात. ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ यांचेही तसेच.

कोश पाहताना होणारी नेहमीची चूक म्हणजे पहिले अक्षर दिसताच पान मिटणे. ‘सी’ आणि ‘यू’ ही खूण शब्दाला नसून अर्थाला असते. ‘बिझनेस’ म्हणजे व्यापार हा अर्थ ‘यू’, आणि ‘बिझनेस’ म्हणजे पेढी हा अर्थ ‘सी’. म्हणून ‘ही इज इन बिझनेस’, पण ‘ही ओन्स अ बिझनेस’. ‘पेपर’ म्हणजे कागद तेव्हा ‘यू’, वर्तमानपत्र तेव्हा ‘सी’. क्रमांकानुसार आपला अर्थ शोधावा, त्यापुढची खूण पाहावी, आणि तिथले उदाहरणवाक्य वाचून मगच ठरवावे.

‘अ’ की ‘ॲन’ हा प्रश्न राहिला. तो स्पेलिंगचा नसून उच्चाराचा आहे, आणि येथे देवनागरी लिपी मोठी मदत करते. कोशात उच्चार पाहून पुढचा शब्द देवनागरीत लिहावा. पहिला वर्ण स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. इंग्रजीत ‘एच’ने लिहिला जाणारा तासवाचक शब्द उच्चारात ‘अवर’ होतो, म्हणून ‘ॲन अवर’. ‘यू’ने लिहिले जाणारे ‘युनिट’ य-काराने सुरू होते आणि ‘ओ’ने लिहिले जाणारे ‘वन’ व-काराने. म्हणून ‘अ युनिट’ आणि ‘अ वन-रुपी कॉइन’. ‘ॲन एल.आय.सी. पॉलिसी’ आणि ‘अ यू.पी.आय. पेमेंट’ हेही याच नियमाने.

कोशाची मर्यादाही ध्यानात असावी. नामाची जात तो सांगतो, पण वाचणाऱ्याला काय ठाऊक आहे ते तो सांगू शकत नाही. ‘इन्फर्मेशन’ला ‘ॲन’ लागत नाही हे कोशावरून कळते. परंतु पुरवठादाराने पाठविलेल्या माहितीविषयीच लिहायचे असेल, तर ‘द इन्फर्मेशन यू सेंट’ असे लिहावे लागेल, आणि तो निर्णय लिहिणाऱ्याचाच. त्या वेळी पुन्हा मुनीम आणि मुनिमाला यांतला फरक आठवावा. मराठी वाक्यात जेथे ‘तो’, ‘ती’, ‘ते’ सहज घालता येईल, तेथे इंग्रजीत बहुधा ‘द’ बसतो. मग उरलेल्या नामांसाठी कोशातील ‘सी’ किंवा ‘यू’ पाहावे.