सुरी सालीपुरतीच

सुरत-बारडोली रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गाला छेदतो त्या कडोदरा चार रस्त्यावर लारीवरचं ‘दाडम’, म्हणजे डाळिंब, घेताना गिऱ्हाईक आधी लाली बघतं. पण लाली बरीचशी जातीवर ठरते. पुण्याच्या गणेशखिंडीत निवडलेल्या जुन्या ‘गणेश’ची साल पिकल्यावरही पिवळसर-गुलाबीच असते, तर आज बाजार व्यापलेल्या ‘भगवा’ची गडद केशरी-लाल. म्हणून एका आकाराची दोन फळं दोन हातांत घ्यावीत आणि जड असेल ते ठेवावं. दाण्यांतलं पाणीच ते वजन देतं. दाणे फुगून आतून सालीला रेटतात, त्यामुळे पिकलेलं फळ चेंडूसारखं गोल न राहता कडांना थोडं चपटं, कोनदार होतं. हे बघून घेणं भागच आहे, कारण डाळिंब तोडल्यावर पिकत नाही. कच्चं आणलेलं घरी ठेवून गोड होणार नाही.

यावर कोणी म्हणेल की ठेवणीतलं फळ हलकं होतं, तरी आत चांगलं निघतं. खरं आहे. पाणी आधी सालीतून उडतं, ती चामड्यासारखी कडक होते आणि दाणे रसाळ राहू शकतात. पण बुरशीने आतून काळं पडलेलं फळही बाहेरून धडधाकट दिसतं आणि हाताला हलकं लागतं. न फोडता या दोघांतला फरक कळणं कठीण, म्हणून मी जडच घेतो.

कापताना बहुतेक जण फळ मधोमध आडवं चिरतात. तिथे सगळे कप्पे एकदम कापले जातात, दाणे फुटतात आणि ओटा लाल होतो. वास्तविक आतले पडदे मुकुटाकडून खाली उभे जातात. मुकुटाभोवती टोपीएवढी चकती तिरपी, उथळ कापून उचलली की पांढऱ्या रेघा चांदणीसारख्या दिसतात. त्या प्रत्येक रेघेच्या बाहेरच्या टोकापासून देठापर्यंत फक्त साल चिरावी. सुरी दाण्यांपर्यंत जाताच कामा नये. मग अंगठे घालून उकललं की फोडी पडद्यांवरूनच सुटतात. अडचण खालच्या भागाची. देठाकडे कप्प्यांचा दुसरा, छोटा थर असतो आणि त्याचे पडदे वरच्या रेघांशी जुळत नाहीत. तिथे सुरी बाजूला ठेवावी, फोड उलटी वाकवावी आणि बोटानेच दाणे सोडवावेत.

फोडी पाण्याच्या भांड्यात सोडवल्या तर दाणे बुडतात, पापुद्रे तरंगतात. पाण्यात रस जातो ही तक्रार फुटलेल्या दाण्यांपुरतीच खरी. अखंड दाण्याच्या पातळ सालीतून रस सहज बाहेर येत नाही. मात्र डब्यात ठेवायचे असतील तर दाणे कापडावर कोरडे करून घ्यावेत, ओले लवकर आंबतात. अर्ध्या फळावर पळी ठोकून दाणे पाडायची पद्धत झटपट आहे, आणि रसच काढायचा असेल तर मी तीच सुचवीन. कोशिंबिरीत किंवा दहीभातावर घालायचे दाणे मात्र सोलूनच काढावेत. ठोकताना जे दाणे चेपतात, ते दह्याला गुलाबी करून टाकतात.