भावाचा मेसेज आला, म्हणजे काय झालं?

इंदूर

प्रिय ताई-मावश्यांनो,

बचत गटाच्या बैठकीत आपलं बोलणं हिंदी आणि माळवीत झालं. गटाचा हिशेब लिहिणाऱ्या ताईंचं माहेर खानदेशातलं. बोललेलं सगळं मराठीत लिहून द्या, बाकीच्यांना मी वाचून दाखवेन, असं त्या म्हणाल्या. इतर गटांनाही उपयोग व्हावा म्हणून हे पत्र उघडच लिहिते आहे.

उठता उठता तुमच्यातल्या एकीनं विचारलं होतं, "सोनं वाढल्याचा मेसेज आला की विकून टाकू का?" तिनं मोबाइलच्या अ‍ॅपवर थोडं डिजिटल सोनं घेतलं आहे आणि भावाचा अलर्टही लावला आहे. सगळ्या विषयाची गाठ या एका प्रश्नात आहे, म्हणून तोच सोडवू.

अलर्टचं काम अगदी साधं असतं. तुम्ही एक आकडा भरता. कंपनीचा संगणक येणारा प्रत्येक भाव त्या आकड्याशी ताडून पाहतो आणि भावानं तो ओलांडला की मेसेज सोडतो. गावात दवंडी पिटावी तसं हे काम आहे: बातमी पोचते, निर्णय तुमचा. तुम्ही सोनं केवढ्याला घेतलं, किती घेतलं, आज पैशांची गरज आहे की नाही, यातलं तो मेसेज काहीच पाहत नाही. तरीही उपयोग आहे. दिवसातून दहा वेळा भाव बघण्याचा नाद सुटतो, आणि शांत डोक्यानं ठरवलेला आकडा घाईच्या वेळी आठवतो.

आता हिशेब. सोपा व्हावा म्हणून ग्रॅमचा भाव 10,000 रुपये धरू. तुम्ही अ‍ॅपवर 10,000 रुपये भरले. त्यात 3 टक्के जीएसटी आला, म्हणजे प्रत्यक्ष सोनं मिळालं सुमारे 9,709 रुपयांचं. अ‍ॅपवर दोन भाव असतात, घेण्याचा आणि विकण्याचा, आणि विकण्याचा नेहमी कमी असतो. हा फरक कंपनीगणिक बदलतो. आपण शेकडा 3 धरू. त्याच दिवशी विकायला गेलात तर हातात साधारण 9,417 रुपये येतील. भाव जागचा हललेला नाही आणि 583 रुपये गेले.

समजा तुम्ही 10,300 चा अलर्ट लावलात. मेसेज आला, "सोनं 3 टक्क्यांनी वाढलं." विकलंत तर मिळतील 9,700. मेसेज वाढीचा आहे आणि तुम्ही 300 रुपयांनी खाली आहात. घातलेले 10,000 नुसते परत यायला घेण्याचा भाव सुमारे 10,620 व्हायला हवा. म्हणून अलर्ट लावताना आधी अ‍ॅपवरचा विकण्याचा भाव पाहा, आपली रक्कम कोणत्या आकड्याला सुटते ते कागदावर काढा आणि मग तो आकडा भरा.

हेच सोनं गटाचं कर्ज काढून घेतलं तर? महिना शेकडा 2 व्याजानं 10,000 रुपये सहा महिने वापरले आणि मुद्दल शेवटी फेडलं, तर व्याज 1,200 झालं. आता नुसतं बरोबरीत यायला भाव जवळपास 19 टक्के चढायला हवा. व्याजाची ही रक्कम कोणताही अलर्ट धरत नाही.

भाव कोणाचा, हेही विचारायचं. एक भाव अ‍ॅपचा, एक आमच्या सराफ्यातल्या दुकानाचा, एक वायदेबाजाराचा. वायद्याच्या भावात जीएसटी नसतो. दागिन्याची घडणावळ आणि मोडताना धरली जाणारी घट तर यातल्या कोणत्याच आकड्यात नसते. वायद्याच्या भावावर लावलेला अलर्ट दाखवून दुकानदाराशी घासाघीस करायला गेलात तर तो हसेल, आणि त्याचं चुकणार नाही.

दुसरी मर्यादा वेळेची. गावात रेंज गेली, फोन मुलाकडे राहिला, तर मेसेज वाचेपर्यंत भाव पुन्हा खाली आलेला असू शकतो. बरेच अलर्ट एकदाच वाजतात आणि बंद होतात. ते पुन्हा लावावे लागतात. वायदेबाजार शनिवार-रविवार बंद असतो. शुक्रवारी 9,900 वर थांबलेला भाव सोमवारी थेट 9,650 वर उघडू शकतो. तुम्ही 9,800 चा अलर्ट लावला असेल तर तो वाजेल, पण तेव्हा 9,800 ला घेणारा कुणी नसेल. अलर्ट नुकसान थांबवत नाही, झालेलं कळवतो. आणि डिजिटल सोनं आपल्या देखरेखीखाली येत नाही, असं सेबीनं 8 नोव्हेंबर 2025 रोजी जाहीर केलं आहे. म्हणजे कंपनी बुडाली, तर भावाचा अलर्ट काय कामाचा?

आता आमच्या इंदूरची गोष्ट, जी सांगताना मान खाली जाते. शेअर आणि वायद्याच्या 'टिप्स' विकणाऱ्या इथल्या कितीतरी सल्लागार कंपन्यांवर सेबीनं कारवाई केली आहे. त्या आदेशांमध्ये तेच ते पुन्हा दिसतं: खात्रीच्या नफ्याचं आमिष, आणि एकाच गिऱ्हाइकाच्या गळ्यात एकामागून एक पॅकेजं. अशा टिप्स मेसेजच्या रूपातच येतात, म्हणून त्या अलर्टसारख्या दिसतात. ओळखायची खूण एकच: जो आकडा तुम्ही स्वतः भरला नव्हता, त्याचा मेसेज अलर्ट नव्हे. कुणीतरी तुम्हाला काहीतरी विकतं आहे.

"पण त्यांचे तीन अंदाज बरोबर आले," असं एक मावशी म्हणाल्या होत्या. त्याचीही जुनी युक्ती आहे. आठशे नंबरांपैकी चारशेंना 'वाढेल' आणि चारशेंना 'पडेल' असं कळवायचं. ज्यांना बरोबर गेलं त्या चारशेंचे पुन्हा दोन भाग करायचे, मग दोनशेंचे. तिसऱ्या वेळी शंभर माणसं उरतात, ज्यांच्या लेखी हा सल्लागार कधी चुकतच नाही. फी त्या शंभरांकडे मागायची. पैसे मागणाऱ्याचा सेबीचा नोंदणी क्रमांक सेबीच्या साइटवर स्वतः पडताळून घ्या. मेसेजमधल्या लिंकवरून नको. नोंदणी असली तरी खात्रीचा नफा सांगायची मुभा कुणालाच नाही. पैसे गेलेच तर लाजू नका, लगेच 1930 वर फोन करा. उशीर झाला की पैसे अडवणं अवघड होतं.

माझं मत स्पष्ट आहे. गटाची सामाईक रक्कम भावाच्या मागे पळवू नका. ती अडीनडीच्या कर्जासाठी आहे आणि आवर्ती ठेवीला अलर्ट लागत नाही. स्वतःच्या सोन्याला अलर्ट जरूर लावा, पण त्याआधी वहीत तीन आकडे लिहा: किती घातले, आज विकलं तर किती येतील, आणि कोणत्या भावाला बरोबरी होते. पुढच्या बैठकीत ज्यांनी अलर्ट लावले आहेत त्यांनी ती वही घेऊन यावं. आपण प्रत्येकीचा हिशेब मिळून करू.

तुमची,
इंदूरची ताई